युनियनच्या यादीतले 632 कामगार

न्यूयॉर्क परिसरात पाइप आणि बॉयलरना अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण चढवणाऱ्या कामगारांची युनियन होती. 1942च्या अखेरीस तिच्या यादीत 632 नावं होती. 1960च्या दशकात डॉ. आयर्विंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती यादी घेऊन प्रत्येकाचं पुढे काय झालं, हे शोधलं. 1962पर्यंत फुप्फुस किंवा त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने 45 जण दगावले होते. सर्वसाधारण मृत्युदराने ही संख्या सहा-सातच असायला हवी होती.

हा पूर्वलक्षी कोहॉर्ट अभ्यास. माणसं आणि मृत्यू दोन्ही भूतकाळातले, पण दिशा सरळच: आधी काम, मग आजार. यादी मृत्यूंच्या आधी तयार झाल्यामुळे आजारी माणसंच वेचून घेतली, असा आक्षेप घेता येत नाही. हा कर्करोग उमटायला वीसेक वर्षं लागतात. ती वर्षं कागदावर आधीच उलटून गेलेली असल्याने काम थोड्या वेळात आणि कमी खर्चात झालं.

भविष्यलक्षी अभ्यासात आज निरोगी असलेली माणसं निवडून वर्षानुवर्षं तपासतात. 1948 साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हृदयविकारासाठी 5,209 जणांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. खर्च मोठा आणि चिकाटीही तेवढीच लागते. शिवाय अशा सामान्य वस्तीत अ‍ॅस्बेस्टॉसचं काम करणारे किती सापडणार? दुर्मीळ संपर्काचा माग काढायचा तर तो जिथे एकवटला आहे तिथेच, म्हणजे कारखान्यात किंवा युनियनमध्ये, जावं लागतं.

पण जुनी यादी मुळात अभ्यासासाठी केलेली नसते. कोण किती धूळ श्वासात घेत होता आणि कोण सिगारेट ओढत होता, हे तिच्यात नव्हतं. आणखी एक धोका असा की, संशोधकांनी कामगारांच्या मृत्यूचं कारण शवविच्छेदनातून बारकाईने शोधलं आणि तुलनेसाठी मात्र साध्या दाखल्यांवरचे आकडे घेतले, तर फरक फुगतो. त्यामुळे दाखल्याची तुलना दाखल्याशीच करावी लागते.

सिगारेटचं कोडं सोडवायला सेलिकॉफ पुढे पाहू लागले. 1963 साली हयात असलेल्या 370 कामगारांना त्यांनी सवयी विचारल्या. 1967पर्यंत सिगारेट ओढणाऱ्या 283 जणांपैकी 24 जण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. न ओढणाऱ्या 87 जणांत एकही नाही. सिगारेट न ओढणारे सुरक्षित, असा निष्कर्ष यावरून सहज निघाला असता. पण 87 माणसांत काही वर्षांत असा एकही मृत्यू न होणं योगायोगानेही शक्य होतं.

मग 1967पासून अमेरिका आणि कॅनडातल्या 17,800 कामगारांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. सिगारेट न ओढणाऱ्या कामगारांनाही इतर न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट धोका निघाला. दोन्ही एकत्र असणाऱ्यांना तो पन्नासपटींहून अधिक होता. धोका आहे, हे जुन्या यादीने लवकर सांगितलं. त्यात सिगारेटचा वाटा किती, हे जिवंत माणसांना आधी विचारून ठेवल्यामुळेच कळलं.