हातातलं काम खाली ठेवता येईल का?

घरात म्हातारे आई-वडील आहेत, नोकरी सुटली आहे, काहीतरी कमाई हवी आहे. अशा वेळी आजूबाजूचे लोक सगळ्यात आधी डब्यांचं नाव काढतात. 'घरचा स्वयंपाक करायचाच असतो, त्यात चार डबे जास्त.' ऐकायला हे सोपं वाटतं. पण पोळ्या लाटायला बसलं आणि वडील बाथरूममध्ये घसरले तर तव्यावरची पोळी करपते, कुकर तसाच राहतो आणि साडेबाराला डबा न्यायला येणारा माणूस दारात उभा असतो. एकदा चुकलं तर गिऱ्हाईक समजून घेतं, तिसऱ्यांदा चुकलं की दुसरीकडे जातं. स्वयंपाक उत्तम असूनही धंदा मोडतो, कारण हे काम मध्येच थांबत नाही.

म्हणून अशा घरात व्यवसाय निवडताना 'मला काय येतं' आणि 'काय खपतं' या प्रश्नांच्या आधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. हातातलं काम याच क्षणी खाली ठेवलं तर काय बिघडेल?

आधी वही, मग धंदा

उत्तर अंदाजाने देऊ नये. सात दिवस एक वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक वेळी उठावं लागलं की तीन गोष्टी लिहाव्यात: किती वाजता, कशासाठी, किती मिनिटं.

उदाहरणासाठी एक घर धरून चालू. आई ७८ वर्षांची, पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेली. वडील ८२ वर्षांचे, चालते-फिरते, मधुमेह आहे, हृदयाच्या त्रासासाठी सकाळी लघवीची गोळी घेतात. सांभाळणारी मुलगी एकटी.

वही भरली की व्यत्ययांचे दोन गट वेगळे दिसू लागतात. पहिला गट ठरलेल्या व्यत्ययांचा. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांना साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची गोळी सकाळी आठला घेतली तर पुढचे काही तास वडिलांच्या बाथरूमच्या फेऱ्या होणारच. या वेळा आधीच कळतात, त्यामुळे त्यांच्या आजूबाजूने काम मांडता येतं. दुसरा गट अवचित येणाऱ्यांचा: उलटी, ठसका, पडणं, अचानक घाबरं होणं. ते कधी येतील सांगता येत नाही. हातात घेतलेलं काम त्यांच्यासाठी थांबू शकलं पाहिजे.

वहीतून शेवटी दोन आकडे काढायचे. एक म्हणजे आठवड्याभरात मोकळे मिळालेले एकूण तास. आपल्या उदाहरणात ते १८ धरू. दुसरा, आणि जास्त महत्त्वाचा, म्हणजे सगळ्यात वाईट दिवशी सलग मिळालेला सगळ्यात मोठा वेळ. तो १२ मिनिटं धरू. इथे सरासरी काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. सरासरी पाऊण तास निघाली म्हणून पाऊण तासाचं काम घेतलं, तर नेमक्या वाईट दिवशी ते अंगावर येतं.

तीन कसोट्या

आता कुठलंही काम तीन प्रश्नांवर तपासायचं. त्यातला न तोडता येणारा सगळ्यात मोठा तुकडा किती मिनिटांचा आहे? अर्ध्यावर सोडलं तर माल बिघडतो का, की तसाच पडून राहतो? आणि आपल्यासाठी कोण, किती वेळ थांबू शकतं?

शिकवणीत तुकडाच तासाभराचा असतो, मुलं समोर बसलेली असतात. ती पहिल्याच प्रश्नावर बाद होते. चकली-शेवेचं तळण दुसऱ्या प्रश्नावर बाद होतं, शिवाय गरम तेल तसंच सोडून धावण्याचा धोका वेगळाच. हिशेब लिहिण्याचं काम मात्र फसवं असतं. नोंदी पाच मिनिटांतही होतात, कागद बिघडत नाही, त्यामुळे ते अगदी सोयीचं वाटतं. पण दरमहा जीएसटी विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत आणि गोषवारा २० तारखेपर्यंत द्यावा लागतो. १८ तारखेला आईला दवाखान्यात हलवावं लागलं, तर दंड दुसऱ्याला बसतो आणि नाव आपलं जातं. या कामात तास लवचिक आहेत, पण तारीख हलत नाही. असे धंदे ओळखायला तिसरा प्रश्न लागतो.

साडीचा फॉल: एक हिशेब

या तिन्ही प्रश्नांवर टिकणारं एक साधं काम म्हणजे साडीला फॉल लावणं. त्याचे टप्पे पाहू. नवा फॉल आधी पाण्यात भिजवून वाळवायचा आणि इस्त्री करायचा. आठवड्याचे सगळे फॉल एकदमच भिजवता येतात. मग तो साडीच्या आतल्या बाजूने, खालच्या काठाला लावून मशीनवर शिवण मारायची. याला दहा मिनिटं लागतात. वरची कड हाताने, बाहेरून टाका दिसणार नाही अशी बारीक शिवायची. सवय झालेल्या हाताला याला पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो.

यात न तोडता येणारा तुकडा फक्त मशीनच्या शिवणीचा, म्हणजे दहा मिनिटांचा. आपल्या वहीतल्या बारा मिनिटांत तो बसतो. हातशिलाई तर कुठल्याही टाक्यावर थांबते. शिवाय मशीनचा आवाज होतो आणि हातकामाचा होत नाही. म्हणून आई जागी असताना मशीन चालवायचं आणि ती झोपली की त्याच खोलीत बसून हाताने शिवायचं, अशी वाटणी करता येते. पिकोला वेगळं मशीन लागतं. सुरुवातीला पिको बाहेरून करून घ्यावा आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून जसेच्या तसे घ्यावेत.

पैशांचं गणित असं. समजा एका साडीचे १२० रुपये मिळतात, त्यात फॉल आणि दोऱ्याचे ३५ गेले, हातात ८५ उरले. एका साडीला साधारण एक तास धरला तर १८ तासांत १८ साड्या होतील असं वाटतं. पण घ्यायच्या फक्त नऊ. उरलेले तास आजारपण, दवाखाना आणि न झालेल्या झोपेसाठी आहेत, ते विकायचे नाहीत. नऊ साड्यांचे आठवड्याला ७६५ रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ३,३०० रुपये होतात.

हा आकडा छोटा आहे. यातून दिवसभराची आया ठेवता येणार नाही, औषधांच्या बिलाला हातभार लागेल इतकंच. तो वाढवायचा म्हणून साड्यांची संख्या वाढवू नये, कारण तास वाढत नाहीत. त्याऐवजी त्याच तासाला जास्त मोल देणारं काम हळूहळू जोडावं. पदराला गोंडे करणं हे तसं एक काम. समजा एका पदराचे मजुरीचे ४०० रुपये आले आणि तीन तास लागले, तर तासाला १३० रुपयांच्या वर पडतात, आणि एकेक गोंडा पुरा झाला की उठता येतं.

कुठे बिघडतं

पहिला धोका सुईचा, आणि तो मालापेक्षा माणसाला जास्त आहे. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. जमिनीवर पडलेली सुई वडिलांच्या तळपायात शिरली तरी त्यांना कळणार नाही, आणि ती जखम चिघळते. म्हणून सुया मोजून घ्यायच्या, उठताना हातातली सुई गादीत किंवा कपड्यात न खोचता ठरलेल्या डबीतच ठेवायची, आणि आईच्या अंथरुणावर साडी पसरून काम करायचं नाही. आवरताना मोजणी जुळली नाही तर आधी सुई शोधायची, मग बाकीचं.

दुसरा धोका डागांचा. आईच्या पाठीला तेल लावून उठलेला हात रेशमी साडीला लागला की नुकसान भरून द्यावं लागतं. हात साबणाने धुऊन कोरडे केल्याशिवाय साडीला शिवायचं नाही, आणि उठताना साडी जुन्या चादरीत गुंडाळायची.

तिसरी चूक लगेच दिसत नाही. घाईत न भिजवलेला फॉल लावला, तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो. साडी देताना ती चांगलीच दिसते, तक्रार महिन्याने येते. त्यामुळे भिजवलेले आणि कोरे फॉल वेगळ्या पिशव्यांत ठेवावेत.

राहिला शब्द देण्याचा प्रश्न. 'उद्या देते' हे वाक्य या धंद्यात बंद करावं. मुदत निदान चार दिवसांची सांगावी आणि लग्नसराईतही तातडीची साडी घेऊ नये. सुरुवात घरोघरच्या गिऱ्हाइकांऐवजी एखाद्या साडीच्या दुकानापासून केलेली बरी. दर थोडा कमी मिळतो, पण अडचण आली तर दहा जणींऐवजी एकालाच फोन करावा लागतो. त्याच भागात हेच काम करणारी दुसरी बाई आधीच गाठून ठेवावी. प्रत्येक साडीला चिठ्ठी आणि दोऱ्याचं रीळ जोडलेलं असलं, तर दवाखान्यात जाताना अर्धवट साड्या तशाच तिच्याकडे देता येतात. हीच सोय आपणही तिच्या अडचणीत करायची.

भांडवलाची घाई करू नये. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, म्हणून पहिल्याच महिन्यात पिकोचं मशीन घ्यावंसं वाटतं. पण तीन महिने घरच्या शिलाई मशीनवर नऊ साड्यांचा नेम टिकतो का, ते आधी पाहावं. हप्त्यालाही तारीख असते, आणि तीही हलत नाही.

सगळ्यांनी फॉलच लावावेत असं नाही. कुणी जपमाळा ओवेल, कुणी लोकरीचं विणकाम करेल, कुणी पुस्तकांची मुद्रितं तपासेल. काम कुठलंही असो, वहीतला वाईट दिवस त्याला पेलला पाहिजे. आणि त्या दिवशी सलग दहा मिनिटंही मिळत नसतील, तर धंदा शोधणं तूर्त थांबवावं आणि ती वही भावंडांसमोर ठेवावी. पैसे पाठवणाऱ्या भावाने आठवड्यातले दोन तास, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी स्वतः घरी येऊन बसायचं कबूल केलं, तर कर्जाने घेतलेल्या कुठल्याही मशीनपेक्षा त्या तासांचा उपयोग जास्त होतो. ते आधी मागून घ्या.