उलट्या पावलांची वीज
छपरावरची वीज : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण नेट मीटर पाहिला. उरलेली वीज महावितरणला द्यायची, रात्री ती परत घ्यायची आणि महिनाअखेरीस वजाबाकी करायची, असा तो हिशेब. आज ज्या कारखान्याला ही सोय नाही, त्याच्याबद्दल. छपरावर सोलर बसवायला परवानगी आहे, पण एकही युनिट बाहेर जाता कामा नये, अशी त्याला अट आहे. धंद्यात याला ‘झिरो एक्स्पोर्ट’ म्हणतात.

ही अट मोडली तर नुकसान दोन्हीकडचं असतं. लाइनवर कुणाच्या हिशेबात नसलेली वीज येते, आणि कारखानदाराच्या बिलात भर पडते. एका दिशेच्या अनेक इलेक्ट्रॉनिक मीटरांची रचना वीजचोरी पकडण्यासाठी केलेली असते. वीज उलटी गेली तरी असा मीटर ती वापर म्हणूनच मोजतो. म्हणजे सुट्टीच्या दिवशी १०० किलोवॅट सहा तास बाहेर गेले, तर आपणच तयार केलेली ६०० युनिटं आपल्याच बिलात चढतात.

उदाहरण आपल्या भागातलंच घेऊ. मोताळा तालुक्यातलं घाटाखालचं रोहिणखेड डोळ्यांसमोर आणा. हा कापसाचा पट्टा. समजा, गावाजवळ एक जिनिंग-प्रेसिंग आहे. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, छपरावर २०० किलोवॅटचं सोलर. २४ रेचे मिळून ९० किलोवॅट घेतात. रुई ओढणारे पंखे, कन्व्हेयर आणि बाकी यंत्रं ६० किलोवॅट. गाठी बांधणाऱ्या प्रेसचा पंप दाब देताना ७५ किलोवॅट घेतो आणि मोकळा फिरताना १५. हे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत. पण जिनमध्ये उभं राहून अँपिअरमीटरचा काटा पाहिलेल्या कुणालाही ही चाल ओळखीची वाटेल.

डिसेंबरातली दुपार, सोलर १६० किलोवॅट देतंय. प्रेस दाबात असताना कारखान्याला २२५ लागतात, म्हणून बाहेरून ६५ येतात. गाठ बांधून झाली, पंप मोकळा झाला आणि मागणी क्षणात १६५ वर आली. आता बाहेरून फक्त ५ किलोवॅट येतात. एवढ्यात ढगाआडून ऊन बाहेर आलं आणि सोलर १८० वर गेलं, तर १५ किलोवॅट उलटे निघालेच. दर काही मिनिटांनी हा प्रकार घडतो. माणसाने स्विचपाशी उभं राहून सांभाळायची ही गोष्ट नाही.

म्हणून एक कंट्रोलर बसवतात. महावितरणकडून येणाऱ्या मुख्य केबलवर तीन सीटी, त्यांना जोडलेला एक मीटर आणि मीटरपासून कंट्रोलरपर्यंत दोन तारांची संवादाची केबल. मीटर आत किती वीज येतेय ते सांगतो आणि कंट्रोलर त्यावरून इन्व्हर्टरला हुकूम देतो : इतकीच दे. आत येणारी वीज नेमकी शून्यावर कधीच ठेवत नाहीत. आपल्या कारखान्यात १२ किलोवॅटची राखण ठेवू. मागणी १६५ असेल तर सोलर १५३ वर थांबतं आणि १२ बाहेरून येत राहतात.

ही राखण पाहून मालकांचा जीव तुटतो. फुकटचं ऊन का सोडायचं, असं ते विचारतात. कारण सीटीत आहे. या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण प्रवाह ६६७ अँपिअरच्या आसपास, म्हणून सीटी ८००/५ चे बसतात. १० किलोवॅटला प्रवाह जेमतेम १४ अँपिअर, म्हणजे सीटीच्या क्षमतेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. साध्या क्लास १ सीटीच्या अचूकतेची हमी पाच टक्क्यांपासून पुढे असते. त्याच्या खाली तो काय दाखवेल, याची खात्री कुणी देत नाही. ०.२एस किंवा ०.५एस वर्गाचे सीटी एक टक्क्यापर्यंत खरं बोलतात; ते घेतले तर राखण कमी करता येते. म्हणजे १२ किलोवॅटची राखण ही आपल्या मापाच्या चुकीची किंमत आहे. माप सुधारल्याशिवाय ती घटवू नये.

आता अवघड प्रसंगाकडे येऊ. जिनमधल्या लोकांना आगीची धास्ती काय असते ते सांगायला नको. कापसातून एखादा खडा रेच्यात गेला, ठिणगी उडाली की कुणीतरी ओरडतो आणि लाल बटण दाबलं जातं. रेचे, पंखे, प्रेस सगळं एकदम बंद. मागणी १६५ वरून १० किलोवॅटवर पडते, सोलर मात्र अजून १५३ देतंय. १४३ किलोवॅट बाहेर धावू लागतात.

मीटरला हे अर्ध्या सेकंदात दिसतं. कंट्रोलरचा हुकूम पोचेपर्यंत एक सेकंद होतो. मग इन्व्हर्टर उतरू लागतात आणि तिसऱ्या सेकंदाला शून्यावर येतात. १२ ची राखण पाळायची आणि मागणी १० आहे, म्हणून सोलर पूर्ण थांबतं. एवढ्या वेळात बाहेर गेलेली वीज मोजली तर पहिल्या सेकंदाची १४३ आणि पुढच्या दोन उतरत्या सेकंदांची मिळून जवळपास तितकीच, एकूण सुमारे २८० किलोवॅट-सेकंद. म्हणजे एका युनिटचे आठ शतांश. हे क्षम्य आहे.

पण कंट्रोलर बिघडलेला असेल तर? इथे दुसरं साधन लागतं, रिव्हर्स पॉवर रिले. रिलेच्या क्रमांकांच्या यादीत याचा क्रमांक ३२. तो कुणाशी बोलत नाही, हुकूम देत नाही. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काळ उलटी गेली, तर तो सोलरचा ब्रेकर पाडतो. फक्त सोलरचा. मुख्य ब्रेकर पाडणारी जोडणी मी पाहिली आहे. ती चुकीची आहे, कारण दोष सोलरचा आणि अंधार सगळ्या कारखान्यात होतो.

आपल्या रिलेला १० किलोवॅट आणि ५ सेकंद ही सेटिंग देऊ. कंट्रोलर धड असेल तर तिसऱ्या सेकंदालाच प्रश्न मिटतो आणि रिले हलत नाही. कंट्रोलर मेलेला असेल तर पाचव्या सेकंदाला ब्रेकर पडतो, तोवर ०.२ युनिट गेलेलं असतं. दोघेही नसतील तर तासाला १४३ युनिटं. महावितरणच्या मंजुरीपत्रात रिलेची वेळ लिहिलेली असेल तर ती पाळावीच लागते. ती दोन सेकंद असेल आणि आपला कंट्रोलर तीन सेकंद घेत असेल, तर लाल बटणाचा एक जादा संपर्क थेट सोलरच्या ब्रेकरला जोडावा. बटण दाबताच सोलरही बंद, मोजून कळण्याची वाट पाहायलाच नको. मात्र पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी तारांमध्ये तेव्हाही वीज असते, हे पाण्याचा पाइप हातात घेणाऱ्याला आधी सांगून ठेवावं.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कंट्रोलर आणि रिले यांचे सीटी वेगळे असावेत. खर्च वाचवायला एकाच संचावर दोघांना जोडतात आणि तिथेच घात होतो.

एका कारखान्यात मला बोलावलं होतं. तक्रार साधी होती : सोलर कमी चालतंय. इन्व्हर्टर ठीक, पॅनल स्वच्छ, कंट्रोलरच्या पडद्यावर १२ किलोवॅटची राखण अगदी काटेकोर. मी मुख्य मीटरचा आकडा पाहिला तर तिथे ३६. तीनपैकी एका फेजचा सीटी उलटा बसला होता. दोन फेज १२-१२ अधिक दाखवत आणि तिसरा १२ उणे, म्हणून बेरीज १२. प्रत्यक्षात ३६ किलोवॅट बाहेरून येत होते. कंट्रोलर इमानाने चुकीचा आकडा सांभाळत होता आणि रोज दुपारी २४ किलोवॅट ऊन वाया जात होतं. रिले त्याच सीटींवर होता. त्याची १० किलोवॅटची मर्यादा खऱ्या हिशेबात ३० झाली होती, म्हणजे राखणदार तिपटीने बोथट झाला होता. काम चुकवणाऱ्याने दोघांना एकच डोळा दिला, म्हणून दोघांनाही एकच चूक खरी वाटली.

ही चूक पकडायला खास उपकरण लागत नाही. सोलर बंद करा, कारखाना चालू ठेवा आणि मीटरवर तिन्ही फेजचे किलोवॅट वेगवेगळे पाहा. तिन्ही अधिकच असले पाहिजेत. एक जरी उणे दिसला तर तो सीटी तपासा. मग त्यांची बेरीज महावितरणच्या मीटरशी त्याच मिनिटाला ताडून पाहा.

दुसरी चाचणी संवादाच्या केबलची. भर उन्हात सोलर चालू असताना मीटरची केबल काढा आणि घड्याळ पाहा. काही सेकंदांत सोलर शून्यावर आलं पाहिजे. ते तसंच चालू राहिलं, तर कंट्रोलर शेवटचा जुना आकडाच खरा धरून बसलाय. उंदराने केबल कुरतडली त्या दिवशीही तो तसाच बसेल. तीच गोष्ट लाईट गेल्यावर. लाईट आल्यानंतर इन्व्हर्टर निदान ६० सेकंद थांबून जोडला जातो, असा नियम आहे. तेवढ्या वेळात फिटरने जेमतेम पंखे चालू केलेले असतात, आणि कंट्रोलरला जागं व्हायला मिनिटाहून जास्त लागलं तर इन्व्हर्टर हुकमाविनाच पूर्ण जोराने सुटतो. म्हणून इन्व्हर्टरमध्ये ‘हुकूम नाही तर शून्य’ ही सेटिंग असलीच पाहिजे आणि ती आपल्या डोळ्यांदेखत तपासून घेतली पाहिजे.

तिसरी चाचणी रिलेची. कंट्रोलर मुद्दाम बंद ठेवून, ‘हुकूम नाही तर शून्य’ ही सेटिंग चाचणीपुरतीच काढून, इन्व्हर्टरला हाताने मर्यादा घालून मागणीपेक्षा १५ किलोवॅट जास्त चालवायचे आणि ब्रेकर पाचव्या सेकंदाला पडतो का पाहायचं. यात थोडी वीज बाहेर जाते, म्हणून महावितरणच्या अभियंत्याला कळवून, शक्यतो त्याच्यासमोरच हे करावं. पुढे रिले वारंवार पडू लागला तर त्याची मर्यादा वाढवू नका. कंट्रोलर मंदावला आहे, हे तो तुम्हाला सांगतो आहे.

एवढं सगळं नीट केलं तरी जिनसाठी एक गोष्ट बदलत नाही. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चच्या सुमारास आटोपतो. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा बुलढाण्याचं ऊन सगळ्यात कडक असतं, तेव्हा कारखान्यात ऑफिस आणि राखणदाराचे दिवे मिळून चार-पाच किलोवॅटच लागतात. १२ च्या राखणीपर्यंतही ते पोचत नाहीत, म्हणून सोलर दिवसभर शून्यावर उभं. कोटेशनमध्ये वर्षभराच्या उन्हावर काढलेली युनिटं असतील, तर तो हिशेब झिरो एक्स्पोर्टच्या जिनला लागू नाही. मागच्या हंगामातल्या बिलांवरून महिनावार दिवसाची मागणी काढा आणि तिच्यात बसेल एवढंच सोलर घ्या. आपल्या उदाहरणातल्या मालकाला मी २०० ऐवजी १२० किलोवॅट घ्यायला सांगेन. प्रेस मोकळा असतानाची १६५ ची मागणी आणि १२ ची राखण यांच्या आत ते बसतं, काही रेचे बंद असले तरी बहुतेक वेळा बसतं, आणि कंट्रोलरला सतत लगाम ओढावा लागत नाही. ज्या प्लांटची वीज मुळातच आत जिरते, तिथे रिले वर्षानुवर्षे हलत नाही.

पुढच्या आठवड्यात : बाहेरून फक्त १२ किलोवॅट येत असताना पॉवर फॅक्टर का कोसळतो आणि कॅपॅसिटरचा सीटी कुठे बसवायचा.