वीज, पाणी आणि तिसरा रकाना

वीज शिकवताना पाण्याचा आधार घेतला नाही असा शिक्षक विरळाच. टाकीची उंची म्हणजे विभवांतर, नळातून मिनिटाला येणारं पाणी म्हणजे विद्युतधारा, अरुंद नळी म्हणजे रोध. वर्ग लगेच माना डोलावतो. मग शिक्षक विचारतात, ‘बॅटरीला एकामागे एक दोन दिवे जोडले, तर धारा कुठे जास्त असेल? पहिल्या दिव्याच्या आधी, की दुसऱ्याच्या नंतर?’ बरीच मुलं ठामपणे सांगतात, पहिल्याच्या आधी; पुढची थोडी दिव्यांनी वापरली ना!

उत्तर चुकीचं आहे. धारा दोन्हीकडे अगदी सारखी असते. पण चूक मुलांची नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खाली येतं, वापरलं जातं आणि मोरीतून निघून जातं. मुलांनी उपमा प्रामाणिकपणे शेवटपर्यंत चालवली. ती कुठे थांबवायची, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असा, की अमूर्त संकल्पनेसाठी उपमा वापरायची असेल तर तिचा तक्ता करावा आणि त्याला तीन रकाने असावेत: संकल्पना, तिची रोजच्या जगण्यातली जोडी, आणि ती जोडी कुठे तुटते. तिसरा रकाना भरायचा म्हणजे ‘ही केवळ उपमा आहे’ अशी तळटीप टाकायची नाही. उपमेलाच प्रश्न विचारायचा, तिचं उत्तर लिहून काढायचं आणि ते खऱ्या नियमाशी ताडून पाहायचं. जिथे दोन उत्तरं वेगळी येतील, ते तिसऱ्या रकान्यात जाईल.

वरच्या चुकीवर हे करून पाहू. टाकीच्या उपमेत पाणी परत येत नाही, विजेत मात्र परिपथ पूर्ण असावा लागतो. तेव्हा टाकीऐवजी विदर्भातल्या घराघरांत दिसणारा कूलर घेऊ. तळाच्या पाण्यात बुडालेला छोटा पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपत खाली येतं आणि पुन्हा पंपाकडे जातं. पंप पाणी निर्माण करत नाही, ते फक्त फिरतं ठेवतो. बॅटरीही विद्युतप्रभाराच्या बाबतीत तेवढंच करते. आता ‘धारा खर्च होते’ हा समज आपोआप गळून पडतो. पण कूलरचं थोडं पाणी वाफ होऊन उडतं, धारेचं तसं होत नाही. ही झाली तिसऱ्या रकान्यातली पहिली नोंद.

पाण्याची उपमा बॅटरीसाठी खरोखर चांगली आहे. घरच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या की २४ व्होल्ट मिळतात. समांतर जोडल्या तर व्होल्ट १२च राहतात, फक्त त्या जास्त वेळ पुरतात. एका टाकीवर दुसरी टाकी चढवली तर खालच्या नळाला दाब वाढतो. दोन टाक्या शेजारी शेजारी, एकाच उंचीवर ठेवल्या तर दाब तोच राहतो, साठा मात्र दुप्पट होतो. उपमेने नेमकं उत्तर दिलं.

रोधाच्या बाबतीत मात्र अनेकांच्या मनात नळीऐवजी अडथळाच येतो. एक अडथळा प्रवाह कमी करतो, तर दोन अडथळे आणखी कमी करणार, मग ते कसेही जोडा! प्रत्यक्षात सारखेच दोन रोध समांतर जोडले की एकूण रोध निम्मा होतो आणि धारा दुप्पट. इथे गर्दीची उपमा बरी पडते. नाटक सुटल्यावर एकच दरवाजा उघडला तर लोक हळूहळू बाहेर पडतात. शेजारचा दुसरा उघडला की जवळपास दुप्पट वेगाने. तेच दोन दरवाजे एकामागे एक असतील तर खोळंबा वाढतो.

डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर या अमेरिकी संशोधकांनी १९८३ साली हाच फरक अभ्यासून मांडला. विजेचा विचार पाण्यासारखा करणारे विद्यार्थी बॅटऱ्यांच्या जोडणीचे प्रश्न चांगले सोडवत होते; धावत्या गर्दीसारखा करणारे रोधांच्या जोडणीचे. म्हणजे उपमा ही नुसती सजावट नसते, डोक्यातला हिशेब तीच चालवते. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांना या उपमा शिकवूनही पाहिल्या. गर्दीचा फायदा रोधांच्या प्रश्नांत दिसला, पाण्याचा बॅटऱ्यांत अपेक्षेइतका दिसला नाही, कारण टाकीतल्या पाण्याचा दाब कसा ठरतो हेच अनेकांना नीट ठाऊक नव्हतं. दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं, याची ही खरी कसोटी आहे. ती गोष्ट वाचकाने नुसती पाहिलेली असून भागत नाही. ती कशी वागते हे त्याला सांगता आलं पाहिजे.

आता आकड्यांकडे. जाड नळीतून जास्त पाणी जातं, जाड तारेतून जास्त धारा, इथवर ठीक. पण किती जास्त? तारेचा व्यास दुप्पट केला तर तिचा छेद चौपट होतो आणि तेवढ्याच विभवांतराला धाराही चौपट होते. नळीतून पाणी संथ, भोवरे न होता वाहत असेल, तर तेवढ्याच दाबाला ते १६ पट वाहतं, कारण कडेला चिकटून अडणाऱ्या पाण्याचा परिणाम मोठ्या नळीत झपाट्याने कमी होतो. दिशा बरोबर, प्रमाण चूक. अशी जोडी वापरायला हरकत नाही, पण तिच्यावरून गणित करू देऊ नये.

बटण दाबताच दिवा लागतो, त्याचंही तसंच. आधीच भरलेली नळी मनात आणली तर ते पटतं: इकडे ढकललं की तिकडून पाणी बाहेर. पण यावरून इलेक्ट्रॉन वेगाने पळतात असं वाटू लागतं. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉन तासाला सरासरी पाव मीटरच्या आसपास सरकतात. घरच्या विजेत तर ते सेकंदाला ५० वेळा जागच्या जागी मागेपुढे होतात.

एवढ्यावरून तक्ता असा उभा राहतो:

| संकल्पना | रोजची जोडी | जोडी कुठे तुटते |
|---|---|---|
| पूर्ण परिपथ | कूलरमध्ये फिरणारं पाणी | पाणी उडून घटतं, धारा घटत नाही. नळी कापली तर पाणी सांडतं; तार कापली तर धारा थांबते |
| विभवांतर | टाकीतल्या पाण्याची उंची | टाकी रिकामी होते तशी उंची उतरते. चांगल्या बॅटरीचे व्होल्ट बराच वेळ जवळपास टिकतात |
| समांतर रोध | नाट्यगृहाचे दोन दरवाजे | माणसं स्वतःच्या पायांनी चालतात, त्यामुळे विभवांतराला इथे जोडीच नाही |
| तारेची जाडी | नळीची जाडी | व्यास दुप्पट: तारेत ४ पट, संथ वाहत्या नळीत १६ पट |
| दिवा लगेच लागणं | भरलेली नळी | पाण्यात धक्का आवाजाच्या वेगाने पोचतो, तारेत प्रकाशाच्या वेगाशी तुलना होईल इतक्या वेगाने |

वीज एकच असली तरी इथे पाणी आणि गर्दी दोन्ही आल्या आहेत. एकाच उपमेत सगळं बसवण्याच्या हट्टापायीच उपमा ताणल्या जातात. मात्र एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना उपमा बदलली आहे, हे वाचकाला सांगितलं पाहिजे.

आणखी एक ओळ बाकी आहे: धारा वाहणाऱ्या तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र. ते १८२० साली ओर्स्टेड यांना होकायंत्राच्या सुईवर दिसलं. पाणी वाहत्या नळीभोवती असं काहीच घडत नाही, गर्दीभोवतीही नाही. तिथे ओढूनताणून जोडी न लावता दुसरा रकाना कोरा ठेवावा आणि खरा प्रयोग करावा. उत्तर-दक्षिण ताणलेल्या तारेखाली एक सेंटिमीटरवर होकायंत्र ठेवून १ अँपिअर धारा सोडली, की सुई डोळ्यांना स्पष्ट दिसेल एवढी वळते. धारेची दिशा उलटी केली की विरुद्ध बाजूला वळते.