चौदा नंबरची पिशवी

रात्रीचे दोन. सरकारी रुग्णालयातल्या पुरुष वॉर्डाचा क्लार्क फळ्यासमोर उभा राहतो. डॉक्टरांनी सांगितलेली, अजून न झालेली कामे त्यावर असतात: सर्जनला बोलावणे, एक्स-रे, रक्तपेढीचा निरोप. झालेल्या कामापुढे वेळ लिहायची, उरलेल्यासाठी फोन लावायचा.

‘खाट १४, रक्ताची एक पिशवी’ या नोंदीपुढे वेळ नव्हती. क्रॉसमॅचला साधारण पाऊण-एक तास लागतो. तो कधीच उलटला होता. फोन केला, तर पिशवी तयार! वॉर्डातले मामा आणायला निघणार, इतक्यात क्लार्कने अर्जावरचा नोंदणी क्रमांक रजिस्टरशी ताडून पाहिला. जुळेना. संध्याकाळी चौदाचा रुग्ण ऑक्सिजनच्या सोयीसाठी नऊवर हलवला होता आणि चौदावर दुसराच माणूस झोपला होता. फळा मात्र जुनाच.

“सिस्टर, चौदा नाही, नऊ बघा.”

खातरजमा करणे हे त्याचे काम नव्हे. पिशवी आल्यावर सिस्टर आणि निवासी डॉक्टरांनी रुग्णालाच नाव विचारले. हातावरची पट्टी, पिशवीवरचा क्रमांक, रक्तगट मोठ्याने वाचून पडताळले. न जुळणाऱ्या गटाचे थोडे रक्तही जिवावर बेतू शकते.

क्लार्कने फळ्यावर चौदा पुसून नऊ लिहिले, शेजारी रुग्णाचे नाव टाकले आणि एक्स-रे विभागाला फोन लावला.