मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर

मूळव्याधीची शस्त्रक्रिया करून नांदेडहून उमरीस परतलेले एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणा. जखमेपेक्षां त्यांना भीति वाटते ती पहिल्या शौचाची. म्हणून ते जेवण तोडतात, वेग आला तरी दाबून धरतात. त्यामुळें मळ सुकून कठीण होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं तोच जखमेस ओरबाडतो.

उपाय नेमका उलट आहे. वेदनाशामक गोळी, दुखूं लागण्याची वाट न पाहतां, डॉक्टरांनीं नेमलेल्या वेळीं घ्यावी. मात्र ट्रामाडॉलसारख्या औषधानें मलावरोध होतो. तें दिलें असल्यास सारक औषध सोबत असावें. ज्वारीची भाकरी, पालेभाजी व वरण पोटभर खावें. इसबगोल घेतल्यास पाणी भरपूर प्यावें. वेग येतांच बसावें, कुंथूं नये. नंतर दहा-पंधरा मिनिटें कोमट पाण्याच्या टबांत बसल्यास आवळलेला स्नायु सैल पडतो व ठणका उतरतो.

शौचाबरोबर थोडें रक्त जाणें स्वाभाविक आहे. परंतु रक्ताची धार लागली, गाठी पडल्या, ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी तत्काळ इस्पितळ गांठावें. असा रक्तस्राव सात ते चौदा दिवसांनींहि होऊं शकतो. म्हणून दुखणें कमी झालें तरी दोन आठवडे सावध राहावें.