मनगटावरचा उजेड कसा विझवावा?

नाट्यगृहात तिसरी घंटा झाली की प्रेक्षक भ्रमणध्वनी बंद करतात. मनगटावरचे स्मार्ट घड्याळ मात्र बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. टाळ्यांसाठी हात वर गेला की त्याचा पडदा उजळतो आणि शेजारच्याचे लक्ष रंगमंचावरून उडते. रात्री शयनगृहातही हेच घडते. कूस बदलताना घड्याळ प्रकाशते आणि बाजूला झोपलेल्याची झोपमोड होते.

ॲपल वॉचमध्ये यावर उपाय म्हणून तीन सोयी आहेत : थिएटर मोड, डू नॉट डिस्टर्ब आणि स्लीप फोकस. तिघींची कामे सारखीच आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या गोष्टी रोखतात आणि तिन्हींना वेळापत्रक लावता येते, असेही नाही. घोटाळा होतो तो येथेच.

डू नॉट डिस्टर्ब संदेश आणि कॉल यांना अडवते. सूचना आली तरी घड्याळ वाजत नाही, थरथरत नाही आणि त्या सूचनेमुळे पडदाही उजळत नाही. परंतु मनगट उचलल्यावर पडदा लागण्याची क्रिया या सोयीमुळे थांबत नाही. ज्या घड्याळांत पडदा सदैव मंद तेवत असतो, त्यांत तो तसाच राहतो. आयफोनच्या सेटिंग्जमधील ‘फोकस’ विभागात या सोयीला ठराविक वेळ किंवा ठराविक ठिकाण जोडता येते. त्याच फोनशी जोडलेल्या घड्याळात ‘Mirror my iPhone’ हा पर्याय चालू असेल, तर ती घड्याळावरही आपोआप लागू होते. मात्र तिच्यामुळे मिळते ती शांतता, अंधार नव्हे.

अंधार मिळतो तो थिएटर मोडमुळे. ही सोय २०१७ मध्ये आली. घड्याळाच्या कडेचे बटण दाबून उघडणाऱ्या कंट्रोल सेंटरमध्ये दोन मुखवट्यांच्या चिन्हावर टिचकी मारली की आवाज बंद होतो आणि हात कितीही हलला तरी पडदा लागत नाही. पडद्याला स्पर्श केला किंवा बटण दाबले तर तो उजळतो. सूचनांची थरथर मात्र चालू राहते. घरी आजारी माणूस असलेल्या प्रेक्षकाला ती उपयोगी पडते. तीही नको असेल, तर जोडीला डू नॉट डिस्टर्ब चालू करावे लागते.

थिएटर मोडची उणीव अशी, की घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये त्याला वेळापत्रक नाही. तो हाताने लावायचा आणि हातानेच काढायचा. काढायचे राहून गेले, तर दुसऱ्या दिवशी हात उचलूनही वेळ दिसत नाही आणि घड्याळ बिघडल्याची शंका येते. अशा वेळी पडद्याला स्पर्श करून वरच्या बाजूस मुखवट्यांचे चिन्ह दिसते का, हे आधी पाहावे.

ठरलेल्या वेळी आपोआप अंधार हवा असेल, तर तो स्लीप फोकसकडून मिळतो. तो सूचनाही थांबवतो आणि मनगट उचलल्यावर पडदा लागणेही. टिचकी मारली तर मंद अक्षरांत वेळ दिसते. त्याचे वेळापत्रक आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये ‘स्लीप’ या विभागात ठरवतात.

पहाटेची लोकल पकडणाऱ्या नोकरदाराचे उदाहरण घेऊ. सोमवार ते शुक्रवार झोपण्याची वेळ रात्री १०.३० आणि उठण्याची पहाटे ५.३०, शनिवार-रविवारी उठणे ७.३० ला. यासाठी दोन स्वतंत्र वेळापत्रके करावी लागतात. ‘Wind Down’ या पूर्वतयारीच्या काळासाठी ३० मिनिटे ठेवली, तर पडदा १०.३० ला नव्हे, तर १० वाजताच काळोखात जातो. उठण्याच्या वेळी सारे पूर्ववत होते. याच गृहस्थाने शनिवारी रात्री ८.३० च्या नाटकासाठी डू नॉट डिस्टर्बचे वेळापत्रक लावले, तर फोन आणि घड्याळ गप्प राहतील. पण घड्याळाचा उजेड टाळण्यासाठी मुखवट्यांवर टिचकी मारावीच लागेल.

वेळापत्रक लावूनही रात्री पडदा उजळत असेल, तर हेल्थ ॲपमधील ‘Use Schedule for Sleep Focus’ हा पर्याय पाहावा. तो बंद असल्यास झोपेच्या वेळा नोंदलेल्या दिसतात, गजरही होतो, परंतु फोकस सुरूच होत नाही. आणखी एक गोष्ट : घड्याळाच्या पाठीमागून अधूनमधून झिरपणारा हिरवा प्रकाश पडद्याचा नसतो. तो नाडीचे ठोके मोजणाऱ्या दिव्यांचा असतो आणि वरीलपैकी कोणत्याही सोयीने तो विझत नाही. पट्टा सैल असेल तर तो अधिक जाणवतो. तेव्हा पट्टा मनगटाला नीट टेकेल इतपत आवळावा.