किंमत-नेतृत्वाचा लाभ कोणाला?

द्विविक्रेताधिकाराच्या अभ्यासात ‘नेता’ आणि ‘अनुयायी’ ही परिभाषा हाइनरिक फॉन श्टाकेलबर्ग यांच्या १९३४ सालच्या जर्मन ग्रंथापासून रूढ झाली. त्या विवेचनाची जी बाजू पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र पोहोचली ती उत्पादनाच्या परिमाणासंबंधीची आहे. नेता आपले उत्पादन आधी ठरवितो व ते नेहमीपेक्षा अधिक ठेवितो. बाजार आधीच बराचसा भरलेला पाहून अनुयायी आपले उत्पादन आखडते घेतो. नेत्याचा नफा वाढतो, अनुयायाचा घटतो. यावरून विद्यार्थ्यांच्या मनात एक समजूत घर करून बसते की, पहिली चाल करण्यात नेहमी फायदाच असतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून ती वारंवार भेटते. परंतु पेढ्या परिमाणाऐवजी किंमत ठरवीत असतील आणि त्यांच्या वस्तू परस्परांना पर्यायी, पण तंतोतंत सारख्या नसतील, तर ही समजूत उलटी ठरते. ती का उलटी ठरते हे एका उदाहरणाने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अ आणि ब अशा दोन पेढ्या घेऊ. दोघींचा सीमांत खर्च दर नगास ४४ रुपये असून तो स्थिर आहे. प्रत्येकीच्या मालाची मागणी पुढीलप्रमाणे मानू:

मागणी = २१२ − २ × (स्वतःची किंमत) + (दुसरीची किंमत)

म्हणजे स्वतःची किंमत एक रुपयाने वाढविल्यास दोन नगांची मागणी जाते. दुसरीने एक रुपया वाढविल्यास एक नगाची मागणी येते. वस्तुभेदाचा अर्थ येथे एवढाच की, थोड्याशा किंमतवाढीने सर्व ग्राहक दुसरीकडे पळत नाहीत.

दुसरीची किंमत दिलेली मानून प्रत्येक पेढी आपला नफा कमाल करू लागली, तर तिची प्रतिक्रिया अशी निघते: स्वतःची किंमत = ७५ + (दुसरीच्या किमतीचा चतुर्थांश). दोघींनी एकाच वेळी, एकमेकींची किंमत न पाहता निर्णय घेतला, तर समतोल किंमत १०० रुपये येते. कारण ७५ अधिक शंभराचा चतुर्थांश म्हणजे पुन्हा १००च होतात. या किमतीस प्रत्येकीचा माल ११२ नग खपतो, दर नगामागे ५६ रुपये सुटतात आणि नफा ६,२७२ रुपये होतो. बर्ट्रांड यांनी १८८३ मध्ये कूर्नो यांच्यावर घेतलेल्या आक्षेपातून किंमतस्पर्धेची जी विचारसरणी निघाली, तिचेच हे भिन्न वस्तूंना लागू केलेले रूप होय.

आता अ ही पेढी आपली किंमत आधी जाहीर करते आणि ब ती पाहून आपली ठरविते असे समजू. अ-ला ठाऊक आहे की, आपण किंमत चार रुपयांनी वाढविली तर ब आपली एक रुपयाने वाढवील. हे गृहीत धरून हिशेब केला असता अ-ची सर्वोत्तम किंमत १०४ रुपये येते आणि तिला ब-चे उत्तर १०१ रुपये असते. अ-चा खप १०५ नग व नफा ६,३०० रुपये; ब-चा खप ११४ नग व नफा ६,४९८ रुपये. दोघींचाही नफा पूर्वीपेक्षा वाढला. पण नेत्याच्या वाट्यास २८ रुपये आले आणि अनुयायाच्या वाट्यास २२६.

या दोन आकड्यांच्या मागची कारणे वेगवेगळी असल्यामुळे त्यांचा स्वतंत्र विचार केला पाहिजे. प्रथम नेत्याचे पाहू. ब १०० वरच स्थिर राहिली असती, तर १०४ ही किंमत ठेवून अ-चा नफा ६,२४० झाला असता, म्हणजे ३२ रुपयांचे नुकसान. किंमत वाढविणे ही अ-च्या दृष्टीने स्वतंत्रपणे तोट्याची गोष्ट आहे. परंतु ब-ने एक रुपया वाढविताच अ-कडे एक अधिक ग्राहक येतो व त्याच्यामागे ६० रुपये सुटतात. साठांतून बत्तीस वजा जाता अठ्ठावीस उरतात. येथे एक बारीक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. समतोलाच्या बिंदूवर स्वतःची किंमत किंचित हलविल्याने होणारा तोटा अत्यल्प असतो, कारण तेथे नफा-वक्र माथ्यावर सपाट झालेला असतो. उलट दुसरीने किंमत वाढविल्याचा लाभ पहिल्या पैशापासूनच मिळू लागतो. म्हणून नेत्याने किंमत थोडी वाढविणे नेहमीच किफायतशीर ठरते. मात्र पुढे तोटा झपाट्याने वाढतो. आपल्या उदाहरणात वाढ आठ रुपयांवर गेली की लाभ संपूर्ण नाहीसा होतो.

अनुयायाचा लाभ निराळ्या जातीचा आहे. ब काहीही न करता १०० वर राहिली असती, तरी अ-ने वाढविलेल्या किमतीमुळे तिच्याकडे चार ग्राहक आपोआप आले असते आणि तिचा नफा २२४ रुपयांनी वाढला असता. किंमत १०१ करून तिने त्यात फक्त दोन रुपयांची भर घातली. तेव्हा अनुयायाचा बहुतेक लाभ हा नेत्याने सोडलेल्या ग्राहकांचा आहे. नेता चढी किंमत स्वीकारून दोघींसाठी बाजार मोकळा करतो आणि अनुयायी त्याच्या किंचित खाली बसून गिऱ्हाईक गोळा करतो. ग्राहकांना मात्र दोन्ही वस्तू महाग पडतात आणि एकूण खप २२४ वरून २१९ नगांवर येतो.

परिमाणाच्या प्रश्नाशी असलेला फरकही यातूनच उलगडतो. तेथे नेत्याच्या आगेकुचीला अनुयायी माघारीने उत्तर देतो; येथे किंमतवाढीला तो किंमतवाढीनेच उत्तर देतो. प्रतिक्रिया-वक्राचा उतार उलटा झाला की अनुयायाचे नशीबही पालटते. वस्तू पर्यायी नसून पूरक असतील, तर किंमतस्पर्धेतही वक्र खाली उतरतो आणि अनुयायाचे नुकसान होते.

नेत्याची १०४ ही किंमत टिकते कशावर? ब-ने १०१ जाहीर केल्यावर अ-ला पुन्हा संधी मिळाली, तर ती १०० रुपये २५ पैशांवर उतरेल. कारण त्या किमतीस तिचा नफा ६,३०० ऐवजी सुमारे ६,३२८ होतो. ब-ला या उतरणीची कल्पना असेल, तर ती मुळात १०४ वर विश्वासच ठेवणार नाही आणि दोघी पुन्हा १०० वर येतील. म्हणून ‘आधी बोलणे’ म्हणजे नेतृत्व नव्हे. छापलेले दरपत्रक किंवा विक्रेत्यांशी ठराविक मुदतीचे करार अशा कशाने तरी नेत्याचे हात बांधलेले असले पाहिजेत. गुप्त सवलती देण्याची सोय जेथे असते, तेथे जाहीर दरावरून नेतृत्व सिद्ध करू पाहणाऱ्या संशोधकाने सावध राहावे.

अनुयायी होणे अधिक लाभाचे असेल, तर पुढाकार कोण घेणार? दोघींनी एकदमच किंमत ठरविली तर प्रत्येकीस ६,२७२, पुढाकार घेतल्यास ६,३००, दुसरीने घेतल्यास ६,४९८. दुसरी खरोखर थांबणार अशी खात्री असेल, तर पुढे होणे श्रेयस्कर. पण तिनेच पुढे व्हावे ही प्रत्येकीची इच्छा. हॅमिल्टन आणि स्लुट्स्की यांनी १९९० मध्ये दाखविल्याप्रमाणे वेळेची निवडही पेढ्यांवर सोपविली असता दोन्ही क्रम समतोल ठरतात. कोणता घडेल हे सारख्या पेढ्यांबाबत सिद्धांत सांगू शकत नाही. खर्च असमान असल्यास मात्र तराजू झुकतो. फान डाम व हुर्केन्स यांच्या २००४ च्या विवेचनानुसार कमी खर्चाची पेढी पुढाकार घेईल, कारण त्यात तिला धोका कमी असतो. खर्चातील तफावत पुरेशी मोठी असल्यास तिला नेतृत्वच अधिक लाभाचे होऊ शकते, असे अमीर आणि स्तेपानोव्हा यांनी २००६ मध्ये दाखविले. ‘अनुयायाचा लाभ अधिक’ हा निष्कर्ष बऱ्याचशा सारख्या पेढ्यांपुरता आहे, हे विसरता कामा नये.

आता प्रत्यक्ष बाजाराकडे वळू. भिन्न वस्तूंमधील किंमत-नेतृत्वाचे अलीकडे बारकाईने अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील बिअर-उद्योगाचे आहे. जानेवारी २०१३ मध्ये तेथील न्याय खात्याने अॅन्हायझर-बुश इनबेव्ह या कंपनीच्या मोडेलो-खरेदीविरुद्ध दावा दाखल केला. इनबेव्ह दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस किंमतवाढ जाहीर करते, मिलरकूर्स बहुधा तिच्यामागून जाते आणि ‘कोरोना’ विकणारी मोडेलो मात्र मागे जाण्यास नाखूष असते, असे त्यात म्हटले होते. पुढे तडजोड होऊन मोडेलोचा अमेरिकेतील व्यवसाय कॉन्स्टेलेशन ब्रँड्सकडे गेला.

हे श्टाकेलबर्ग-नेतृत्व आहे काय? आपल्या उदाहरणावरून कसोटी काढता येते. मागणी सरळरेषी असून स्वतःच्या किमतीचा परिणाम दुसऱ्याच्या किमतीच्या परिणामापेक्षा मोठा असेल, तर अनुयायाची वाढ नेत्याच्या वाढीच्या निम्म्याहून कमीच राहते; वर ती चतुर्थांश होती. वक्राकार मागणीत हे प्रमाण बदलेल, हे खरे. पण अनुयायी वर्षानुवर्षे नेत्याइतकीच वाढ करीत असेल, तर संशय घेण्यास जागा आहे. दोघींचा खर्च एकदमच वाढला असेल आणि ‘नेता’ फक्त तो आधी जाहीर करीत असेल. अशा नेतृत्वाला स्टिग्लर यांनी १९४७ मध्ये वायुभारमापकाची उपमा दिली होती. खर्च वाढलेला नसेल, तर दुसरा खुलासा शोधावा लागतो. समजा, ब-नेही १०४ हीच किंमत ठेविली. दोघींचा नफा ६,४८० होतो. १०१ च्या तुलनेत ब-ने १८ रुपये सोडले आणि अ-ला १८० रुपये अधिक मिळवून दिले. एकाच फेरीच्या खेळात ब हे कधीही करणार नाही. उद्या अ-ने पुन्हा पुढाकार घ्यावा, किंवा आज मागे न गेल्यास उद्या किंमतयुद्ध होईल, असा विचार असेल तरच ती हा त्याग करील. मिलर, श्यू व वाइनबर्ग यांनी २०२१ मध्ये बिअर-उद्योगासाठी मांडलेले प्रतिमान याच वळणाचे आहे: नेता एक अधिभार सुचवितो आणि पुनःपुन्हा होणाऱ्या व्यवहाराच्या बळावर इतर तो मान्य करतात. ज्याला तो अधिभार आपल्या हिताचा वाटत नाही, तो मोडेलोप्रमाणे बाहेर राहतो आणि नेत्याला किती वर जाता येईल यावर त्याच्यामुळेही मर्यादा येते.